शब्दांचा भाव

सेवानिवृत्तीनंतर आम्ही दिल्लीतच राहिलो आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून देण्याचा व्यवसाय मांडला. नोकरीत असताना तो मांडता आला नसता. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे प्रसंगोपात्त साहित्यिक कामाला पूर्वपरवानगी लागत नाही. धंद्याला मात्र लागते. दर शब्दाला पैसे मोजून घ्यायचे आणि त्याला साहित्यसेवा म्हणायचे, एवढे धैर्य आमच्यापाशी नव्हते.

दर किती, याआधी शब्द कोणाचे मोजायचे हे ठरवावे लागते. एका भाषांतरसंस्थेने २,४०० इंग्रजी शब्दांची विमापुस्तिका दीड रुपया दराने देऊ केली. मोजणी कशी करणार, याविषयी पत्रात अक्षर नव्हते. ‘फ्रॉम द हाऊस ऑफ द ऑफिसर’ हे सहा शब्द झाले. हिंदीत ‘अधिकारी के घर से’ असे चार होतात. मराठीत मात्र ‘अधिकाऱ्याच्या घरातून’ एवढ्या दोनच शब्दांत काम भागते, कारण आमचे विभक्तिप्रत्यय नामाला चिकटून बसतात. हिंदीच्या हिशेबाला सरावलेल्या माणसाला हा फरक सहसा जाणवत नाही. आम्ही होकार देण्यापूर्वीच पत्र धाडले की मोजणी मूळ इंग्रजीची राहील. संस्थेने ते मान्य केले. भाषांतर पुरे झाले तेव्हा मराठी शब्द १,९०० भरले. म्हणजे ३,६०० रुपयांऐवजी २,८५० हाती आले असते, आणि श्रम तेवढेच! पुस्तिकेला दोन दिवस लागले. त्यांतला अर्धा दिवस निव्वळ फेरवाचनाचा. तो दरातच धरावा लागतो, कारण त्याचे पैसे कोणी निराळे देत नाही.

संस्था काम आणून देतात, पण मधला वाटा त्यांचा असतो. स्वतःचे गिऱ्हाईक मिळविण्याची वाट आम्हांला उत्तरेतल्या मराठी पत्रकांनीच दाखविली. ही पत्रके पुष्कळदा हिंदीवरून बेतलेली असतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. एका कंपनीने तर मुलांच्या ‘शिक्षेसाठी’ बचत करा, असा महाराष्ट्रातील पालकांना मराठीतून उपदेश केला होता! (मुले घाबरली असल्यास नवल नाही.) पालक असे पत्रक हसून बाजूला ठेवतात, कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही. आम्ही त्या पत्रकाचे एक पान दुरुस्त केले, प्रत्येक बदलाचे कारण समासात इंग्रजीत लिहिले आणि प्रचारविभागाच्या प्रमुखांकडे पाठविले. मराठी न जाणणाऱ्या माणसाला आमच्या भाषेची पारख करता येत नाही, परंतु ‘येथे दंड असा अर्थ होतो’ हे त्याला तत्काळ उमगते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. संपूर्ण पत्रकाचे काम अडीच रुपये दराने, मूळ इंग्रजी शब्दांवर ठरले. छापण्यापूर्वीचे अंतिम पान आम्हांला दाखवावे, ही अट आम्ही घातली. ते आले तेव्हा मुद्रकाच्या संगणकावर जोडाक्षरे फुटून ‘व्याज’चे ‘व्‌याज’ झाले होते.