अल्बममधली ती रेघ

आज जरा वेगळा विषय. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी माझ्या लग्नाचा अल्बम अजून आहे. त्यातल्या रिसेप्शनच्या प्रत्येक फोटोत माझ्या दोन्ही पापण्यांवर एक चॉकलेटी रेघ दिसते. आयशॅडो सगळी पापणीच्या घडीत जाऊन बसलेली. आई म्हणायची, "आपल्या घराण्याच्या पापण्याच तेलकट, काय करणार!"

गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं, तेही वडोदऱ्याच्या मे महिन्यात. तिच्या पापण्या हुबेहूब माझ्यासारख्या. ती म्हणाली, "मावशी, मेकअप तूच कर. पण मला ती तुझी रेघ नको हं." हसत म्हणाली, पण मला ते लागलं. म्हटलं, ही रेघ माझ्यापाशीच थांबली पाहिजे.

एका रविवारी मी स्वतःच्याच डोळ्यांवर प्रयोग केला. उजव्या डोळ्याला नेहमीसारखं क्रीम चोळून वर आयशॅडो. डाव्या डोळ्याला आधी प्रायमर, मग क्रीम बेस, मग पावडर. आणि सरळ स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करायला उभी राहिले. दीड तासात उजव्या डोळ्यावर रेघ उमटली. ते ठीक, पण अर्ध्या तासाने डाव्यावरही उमटली! उजव्याची रेघ तेलाने ओली होती, डाव्याची मात्र जाड, चुरा जमल्यासारखी. तेव्हा कळलं की इथे दोष तेलाचा नाही, माझ्या हाताचा. प्रायमर आणि बेस दोन्ही मी थापले होते. डोळा उघडला की पापणी घडीत दुमडते, आणि तिथे जे जास्तीचं असेल ते गोळा होतं.

पुढच्या रविवारी हात आवरला. पापणी धुऊन, टिश्यूने टिपून कोरडी केली. क्रीम अजिबात नाही, कारण मॉइश्चरायझर म्हणजे वरून आणखी तेलच. प्रायमर तांदळाच्या एका दाण्याएवढा, तोही दोन्ही डोळ्यांत मिळून. अनामिकेने थोपटत लावला आणि नजर खाली ठेवून मिनिटभर थांबले. हे थांबणं टाळलं की वरचा थर त्यावर घसरतो.

मग क्रीम बेस. तो वाळून बसणारा हवा. दुकानात हाताच्या पाठीवर बोट ओढा, दोन मिनिटांनी पुसून बघा. बोटाला रंग लागला तर तो आपल्यासाठी नाही. चेहऱ्याचं कन्सीलर बेस म्हणून वापरायचा मोह होतो, पण बरीचशी कन्सीलर ओलसरच राहतात आणि घडीत उतरतात. बेसही अगदी पातळ लावायचा, घडीत तर जेमतेम.

खरी मेख पुढे आहे. बेस लावल्यावर डोळे दोन-चार वेळा उघडझाप करा. रेघ पडायची असेल तर तिथेच पडते. ती बोटाने सपाट करा आणि लगेच, पुन्हा डोळे नीट उघडायच्या आत, त्यावर चिमूटभर लूज पावडर ब्रशने दाबून बसवा. घासायची नाही, बेस हलतो. सपाट पापणीवर पावडर बसली की बेस सहसा हलत नाही. रेघ असताना पावडर बसवली तर ती रेघच पक्की होते! माझ्या डाव्या डोळ्याचं हेच झालं होतं. त्यानंतर आयशॅडोही दाबून, थोडी थोडी.

या वेळी चार तासांनी डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बारीकशी रेघ होती, बाकी पापणी स्वच्छ. तेल निघायचं थांबत नाही हो, फक्त उशीर होतो.

लग्नाच्या दिवशी म्हणून भाचीच्या आईच्या पर्समध्ये टिश्यू ठेवून दिला. सप्तपदीनंतर तिला बाजूला घेऊन पापण्या फक्त टिपल्या, कोपरा बोटाने सपाट केला आणि मग जराशी शॅडो दाबली. रेघेवर थेट पावडर मारली असती तर थर वाढून पुन्हा चुरा झाला असता.

परवा तिचा अल्बम आला. ती आणि मी आईला मध्ये बसवून बघत होतो. आईने चष्मा पुसला, एक फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "अगं, हिची रेघ कुठे गेली?"

तुमच्या घरात कुणाच्या पापण्या अशा आहेत? सांगा बरं.