शेवटचा माणूस पोचेपर्यंत

मंडळाच्या निझवा सहलीत किल्ला दाखवायचं काम माझ्याकडे आलं, ते मी पूर्वी शिक्षिका होते म्हणून. आणि पहिल्या वर्षी मी तासच घेतला! सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या काकांपर्यंत चौदा जण होतो. बुरुजाच्या पायथ्याशीच इमाम, सनावळ्या, बांधायला लागलेली बारा वर्षं, सगळं सांगून टाकलं. मुलं तोफांकडे पळाली. अरुंद, वळणाच्या जिन्यातही मी बोलतच होते. मागच्यांना नुसता घुमणारा आवाज ऐकू येत होता. काका धापा टाकत गच्चीवर आले, तेव्हा आम्ही उतरायला निघालो होतो. "अगं, आम्ही पोचतो तेव्हा तुझं सांगून झालेलं असतं," ते म्हणाले. ते मला लागलं.

पुढच्या वर्षी क्रम बदलला. आधी खजुराच्या कोठीत नेलं. तिथल्या जमिनीला पन्हळी आहेत. वर खजुराची पोती रचली की त्यांच्याच वजनाने पाक झिरपतो आणि पन्हळीतून वाहत भांड्यात जमा होतो. मुलांनी पन्हळीतून बोटं फिरवली. हा पाक खाण्याशिवाय कशाला वापरत असतील, एवढंच विचारलं आणि उत्तर न देता निघाले.

जिन्यात बोलायचं नाही, हा नवा नियम. पायऱ्या चढताना लक्ष पायांकडेच हवं. वळणावरच्या दारापाशी शेवटचा माणूस येईपर्यंत गप्प उभी राहिले. पुढच्यांची चुळबुळ झाली, पण मागच्यांना दम घेता आला. मग म्हटलं, "आता वर बघा." दाराच्या बरोबर वर, छतात फट आहे. दार फोडायला आलेल्या शत्रूवर तिच्यातून उकळता खजुराचा पाक ओतत, असं किल्ल्यावर सांगतात. पाणी ओघळून जातं, पाक अंगाला चिकटतो.

सनावळी गच्चीसाठी राखली. तिथे बसता येतं, वारा असतो. इमाम सुलतान बिन सैफने 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं आणि पुढे हा प्रचंड गोल बुरूज बांधला. त्याच पोर्तुगीजांकडून चिमाजी अप्पांनी वसई घेतली 1739 मध्ये. दोनच साल सांगितले. पण वसईचं नाव येताच मोबाइलमध्ये डोकं घातलेली मुलंही वर बघू लागली. त्यानंतर कोणीतरी पाय चोळायला लागलं की मी वाक्य संपवून थांबायचे.

यंदा काका पुन्हा आले होते. त्या दारापाशी सर्वांत शेवटी पोचले, भिंतीला टेकले, आणि मी काही बोलायच्या आत वर बघून म्हणाले, "म्हणजे कोठीतली काकवी इथून ओतायचे की काय?"

मला सांगायला काही उरलंच नाही.