तिसऱ्या थराला बसणारी धडक

द्रोणागिरीत आता लोकल येते. आम्ही तळोज्याला मिलिंगवर उभे राहायचो तेव्हा इथे स्टेशनच नव्हतं. उरणची लोकल सुरू झाली २०२४च्या जानेवारीत. आता माझा पुतण्या घरी लॅपटॉपवर जॉब कापून बघतो आणि मग कारखान्यात जातो.

त्याचा पहिला ॲल्युमिनियमचा पॉकेट ६० बाय ४० चा, खोली १२ मिलिमीटर. आमच्या काळी अशा कामाला दहाचा एचएसएस कटर, दोन दातांचा. फेरे चौदाशे, फीड मिनिटाला १४० मिलिमीटर. आधी ड्रिलने भोक पाडायचं, कटर त्यात उतरवायचा आणि ब्रशने रॉकेल लावत राहायचं. रॉकेल विसरलं की ॲल्युमिनियम धारेला चिकटायचं, आवाज जड व्हायचा, भिंत खरबरीत निघायची.

पुतण्याकडे दहाचाच पण तीन दातांचा कार्बाइड. कापण्याचा वेग मिनिटाला २५० मीटर धरला की फेरे येतात सुमारे ८०००. दर दाताला ०.०५ मिलिमीटर धरलं, तर फीड १२००. खोली त्याने तीन-तीन मिलिमीटरच्या चार थरांत वाटली, आडवा काप चारचा. कटर सरळ खाली न घुसवता गोल फिरवत उतरवला, म्हणजे भोकाचं काम वाचलं. कोपऱ्याची त्रिज्या सहाची ठेवली. पाचची ठेवली असती तर कोपऱ्यात कटर अडकून किंचाळला असता. फीड भीतीने कमी करू नकोस, एवढंच मी बजावलं. दात कापायचं सोडून घासू लागला की ॲल्युमिनियम तापून चिकटतंच.

आता धडकेचं. आमचा हात हँडलवर असायचा; क्लॅम्प जवळ आला की हात आपोआप थांबायचा. सीएनसीला तो हात नाही. पुतण्याच्या सिम्युलेशनमध्ये सगळं हिरवं होतं. मी विचारलं, "क्लॅम्प काढलास का चित्रात?" "नाही काका." मग काढला. कटर नटाच्या बाहेर २५ मिलिमीटर, नटाचा व्यास ५०, क्लॅम्पचा बोल्ट जॉबच्या वर १८. पहिल्या थराला नट जॉबच्या २२ वर, दुसऱ्याला १९ वर; दोन्ही वेळा निसटतो. तिसऱ्याला १६ वर, आणि धडक! नट भिंतीपलीकडे २० मिलिमीटर जातो, क्लॅम्प होता पंधरावर. दोन थर सुखरूप गेले की माणूस चहाला जातो, हाच खरा धोका.

कटर ३५ बाहेर काढणं हा सोपा उपाय, पण कटर जवळपास पावणेतीनपट जास्त वाकतो. त्यापेक्षा क्लॅम्प मागे सरकवला.

आणि सिम्युलेशनला टूलची लांबी तुम्ही सांगाल तीच खरी वाटते. मशीनवर ऑफसेट चुकला तर ते सांगणार नाही. म्हणून पहिला जॉब झेड १०० मिलिमीटर वर उचलून हवेत चालवा, रॅपिड २५ टक्क्यांवर, सिंगल ब्लॉक चालू आणि बोट फीड होल्डवर ठेवून.