शेवटची रेघ का हलते?

झिगझॅग इंडिकेटर मला नुकताच सापडला आहे आणि तो कसा चालतो हे कळल्यापासून दुसरं काही सुचत नाही. निफ्टीच्या दैनंदिन चार्टवर तो लावला की शेकडो दिवसांची बारीक धडपड नाहीशी होते. उरतात फक्त मोठी वळणं, शिखर ते तळ आणि तळ ते शिखर अशा सरळ रेघांनी जोडलेली. प्रत्येक वळण अगदी नेमक्या जागी! पण खरी मेजवानी त्या जुन्या, स्थिर रेघांमध्ये नाही. ती आहे उजव्या टोकाच्या शेवटच्या रेघेत. ती आज एका जागी असते, उद्या दुसऱ्या. ती का हलते हे ज्याला उमगलं त्याला अख्खा इंडिकेटर उमगला.

नियम एवढासाच आहे. तुम्ही एक टक्केवारी ठरवता, समजा १० टक्के. भाव चढत असेल तर आतापर्यंतचा सर्वांत वरचा भाव हा शिखराचा उमेदवार. नवा उच्चांक आला की उमेदवारी त्याच्याकडे जाते. भाव त्या उमेदवारापासून १० टक्के खाली आला, तरच ते शिखर पक्कं होतं. मग खालच्या दिशेने हाच खेळ सुरू: सर्वांत खालचा भाव तळाचा उमेदवार, आणि तिथून १० टक्के वर आल्यावर तळ पक्का. पक्कं झालेलं वळण पुन्हा कधीच हलत नाही. उमेदवार मात्र रोज बदलू शकतो, आणि शेवटची रेघ नेहमी उमेदवारापर्यंतच काढलेली असते.

हे डोळ्यांनी पाहायचं तर २०२० सालचा निफ्टी घ्या, फक्त क्लोजिंग भाव धरा, आणि पुढचे सगळे दिवस हाताने झाकून एकेक दिवस उघडत जा. १४ जानेवारीला निफ्टी १२,३६२.३० वर बंद झाला. आज चार्ट उघडला तर तिथे टोकदार शिखर दिसतं. त्या संध्याकाळी मात्र तो फक्त उमेदवार होता. शिखर पक्कं व्हायला १०% खाली, म्हणजे ११,१२६.०७ च्या खाली क्लोजिंग हवं होतं. २ मार्चचा बंद भाव पाहा: ११,१३२.७५. अवघे ६.६८ अंक बाकी! दुसऱ्या दिवशी बाजार सावरला आणि शिखर तसंच लटकत राहिलं. ६ मार्चला निफ्टी १०,९८९.४५ वर बंद झाला, तेव्हा कुठे १४ जानेवारीच्या शिखरावर शिक्का बसला. शिखर घडलं जानेवारीत, कळलं मार्चमध्ये. मधल्या सात आठवड्यांहून जास्त काळात ते शिखर आहे की नाही, हे ठरलेलंच नव्हतं!

आता तळाकडे या, कारण खरा थरार इथे आहे. १९ मार्चला निफ्टी ८,२६३.४५ वर बंद झाला. घसरणारी रेघ त्या तारखेला येऊन टेकली. २० मार्चला तो ८,७४५.४५ वर गेला, एका दिवसात ५.८३ टक्के वर. चार्टकडे बघणाऱ्या कोणालाही इथे तळ झाला असं वाटेल. आपली अट मात्र १० टक्क्यांची, म्हणजे ९,०८९.८० ची आहे, म्हणून १९ मार्च उमेदवारच राहिला. २३ मार्चला बाजार जवळपास १३ टक्के कोसळला आणि ७,६१०.२५ वर बंद झाला. रेघेचं टोक १९ मार्चवरून उचललं गेलं आणि २३ मार्चवर जाऊन बसलं. इंडिकेटर १९ तारखेला चुकला नव्हता. त्याने तळ जाहीरच केला नव्हता.

हाच चार्ट ५ टक्क्यांवर लावा. २० मार्चची उसळी आता पुरेशी ठरते, १९ मार्चचा तळ पक्का होतो, पाठोपाठ २० मार्चचं शिखरही पक्कं होतं, आणि २३ च्या घसरणीसाठी वेगळी नवी रेघ निघते. टक्केवारी छोटी घेतली की निर्णय लवकर मिळतो, पण वळणांची संख्या वाढते. मोठी घेतली की वळणं मोजकी आणि ठसठशीत, पण वाट जास्त पाहावी लागते. यातून सुटका नाही, कारण वाट पाहणं हा वळणाच्या व्याख्येचाच भाग आहे. पुढे भाव किती उलटला यावरून ज्याची ओळख ठरते, ते त्याच दिवशी ओळखता येणं शक्यच नाही.

पुन्हा १० टक्क्यांवर येऊ. ७,६१०.२५ चा तळ पक्का व्हायला ८,३७१.२८ च्या वर क्लोजिंग हवं. २४ मार्चला ७,८०१.०५, नाही. २५ मार्चला ८,३१७.८५, म्हणजे ९.३ टक्के, अजूनही नाही! २६ मार्चला ८,६४१.४५, आणि तळ पक्का. चार्टवरची चढती रेघ ७,६१०.२५ पासून निघालेली दिसते, पण ती रेघ आहे हे कळलं तेव्हा निफ्टी १,०३१.२० अंक वर पोचला होता. म्हणून झिगझॅगच्या वळणांवर खरेदी-विक्री दाखवणारा कोणताही बॅकटेस्ट पाहिला की एकच प्रश्न विचारावा: खरेदी वळणाच्या दिवशीच्या भावाने धरली आहे की कन्फर्म झालेल्या दिवशीच्या? पहिलं असेल तर तो नफा कुणालाच मिळू शकला नसता. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे रोजचा चार्ट जपून ठेवणं, किंवा रिप्ले लावून एकेक दिवस पुढे सरकणं. खुणा मागच्या तारखेला उमटत असतील तर लगेच दिसतं.

क्लोजिंगऐवजी दिवसाचे उच्च-नीच भाव घेतले तर हीच गोष्ट बदलते. तेव्हा तळ २४ मार्चचा ७,५११.१० ठरतो, त्याची अट ८,२६२.२१ होते आणि २५ मार्चलाच ती पूर्ण होते. मात्र १३ मार्चसारखा दिवस इथे अवघड जातो. सकाळी लोअर सर्किट लागून ४५ मिनिटं व्यवहार थांबले आणि नंतर बाजार त्याच दिवशी वर उसळला. आधी तळ आला की आधी उच्चांक, हे दिवसाच्या एका कँडलवरून कळत नाही. उत्तर हवं तर छोट्या टाइमफ्रेममध्येच उतरावं लागतं.

आणि आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट! शेवटची रेघ बदलत असते, पण ती कधी पक्की होईल त्याचा भाव प्रत्येक संध्याकाळी आधीच ठाऊक असतो. १९ मार्चला तो ९,०८९.८० होता, २३ मार्चला ८,३७१.२८ झाला. तळाचा उमेदवार असेल तर गुणिले १.१, शिखराचा असेल तर गुणिले ०.९, बस्स! म्हणून वहीत प्रत्येक वळणापुढे दोन तारखा लिहाव्यात, घडल्याची आणि कळल्याची, आणि शेवटच्या रेघेपुढे तारखेऐवजी हा एक भाव. पक्क्या रेघांवरून बाजार साधारण किती चालून वळतो ते मोजा. शेवटच्या रेघेला दिशा विचारू नका, अट विचारा. तिचं उत्तर ती दशांशापर्यंत देते.