तिरक्या स्लॅबचं माप

शहाड स्टेशनजवळच्या साइटवर पहिल्यांदा जिन्याचं काँक्रीट काढायला बसले आणि वेस्ट स्लॅबपाशीच अडले. बीमची लांबी, रुंदी, जाडी नकाशात सरळ सापडते. इथे पायऱ्यांखालून उताराने जाणारा स्लॅब. त्याची लांबी प्लॅनवरची धरायची की उतारावरची, तेच कळेना.

मजल्याची उंची ३ मीटर, मध्ये लँडिंग, म्हणजे एका फ्लाइटला दीड मीटर चढ. रायजर १५ सेंटिमीटर, ट्रेड २५, जिन्याची रुंदी १.२ मीटर आणि वेस्ट स्लॅबची जाडी १५ सेंटिमीटर. रायजर दहा, पण ट्रेड नऊच. दहावा रायजर चढलं की पाय लँडिंगवर पडतो आणि लँडिंगचा हिशेब वेगळा होतो.

पायऱ्या आधी उमगल्या. पायरी ही अख्खी वीट नाही, वेस्ट स्लॅबवर बसलेला त्रिकोण आहे. म्हणून ०.१५ गुणिले ०.२५ याचं निम्मं, गुणिले १.२, म्हणजे ०.०२२५ घनमीटर. अशा नऊ पायऱ्यांचं काँक्रीट साधारण ०.२०३ घनमीटर.

आता स्लॅब. एका पायरीमागे उतारावरची लांबी पायथागोरसने काढली: १५ आणि २५ चा कर्ण २९.१५ सेंटिमीटर. नऊ पायऱ्यांना २.६२ मीटर. त्याला रुंदी आणि जाडीने गुणलं, ०.४७२ आले. दोन्ही मिळून फ्लाइटला ०.६७५ घनमीटर.

तरी मन मानेना. प्लॅनमधली सव्वादोन मीटर लांबी का चालत नाही? आमच्या सिनिअर इंजिनिअरांनी पेन्सिलने उतार काढून दाखवला. “जाडी उताराला काटकोनात मोजतेस ना? मग लांबीही उतारावरचीच घे. प्लॅनची लांबी घ्यायचीच असेल, तर जाडी उभी मोज, ती साडेसतरा येईल.” मी २.२५ गुणिले ०.१७५ गुणिले १.२ करून पाहिलं. पुन्हा जवळपास ०.४७२! तिथे माझा गोंधळ सुटला. प्लॅनची लांबी आणि काटकोनातली जाडी एकत्र केली की स्लॅबचं काँक्रीट ०.४०५ वर येतं, आणि गाडी मागवताना फरकाएवढं काँक्रीट कमी पडतं.

हाच घोळ सेंट्रिंगवर झाला तर जास्त वाईट. रायजरच्या फळीच्या खालच्या कडेपासून प्लायपर्यंत टेप उभी धरून कोणी १५ मोजले, तर स्लॅबची खरी जाडी १३ सुद्धा भरत नाही. काँक्रीट हिशेबापेक्षा कमी लागतं आणि सगळ्यांना माल वाचल्यासारखं वाटतं. वाचलेला तो माल नसतो, स्लॅबची ताकद असते. म्हणून मी आता ओतण्याआधी प्लायवर गुण्या टेकवून जाडी बघते. गुण्या हाताशी नसला, तर या जिन्यात उभ्या टेपवर साडेसतरा दिसायलाच हवेत. रायजर-ट्रेड बदलले की हा आकडा पुन्हा काढावा लागतो, कारण जिना जितका खडा, तितका उभ्या जाडीतला फरक मोठा.