शिष्यवृत्तीसाठी भाषाशिक्षकाचे शिफारसपत्र

परदेशी भाषेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला किती भाषा येते, याचे दोन पुरावे निवड समितीपुढे येतात. एक परीक्षेचे प्रमाणपत्र आणि दुसरा शिक्षकाचे शिफारसपत्र. प्रमाणपत्रात एका दिवसातल्या काही तासांची कामगिरी दिसते, शिफारसपत्रात वर्षा-दोन वर्षांची. शिक्षकाने प्रमाणपत्रावरचीच माहिती गोड शब्दांत पुन्हा लिहिली, तर समितीच्या हाती नवे काहीच लागत नाही. म्हणून परीक्षेने काय मोजले नाही, हे पत्र लिहिण्याआधी पाहावे लागते.

जपानी भाषेच्या बाबतीत हा फरक चांगला दिसतो. सिकंदराबादला लागून असलेल्या तारनाक्यात इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आहे. १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून ते सुरू झाले. पुढे तिथे परदेशी भाषा आल्या आणि २००७ मध्ये संस्थेला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे जपानीही शिकवली जाते. जपानी भाषा व संस्कृती हा पदवीचा मुख्य विषय असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी जपानचे शिक्षण मंत्रालय सुमारे वर्षभराची शिष्यवृत्ती देते. ती संपल्यावर विद्यार्थ्याने परत येऊन मूळ विद्यापीठातली पदवी पूर्ण करायची असते. जपानमधले वर्ग जपानीतूनच चालतात, त्यामुळे निवडीत भाषेचे वजन मोठे असते. वकिलातीमार्फत अर्ज केला, तर कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा आणि मुलाखत असे टप्पे असतात. शिफारसपत्राची पडताळणी पुढे होणार आहे, हे त्यामुळे शिक्षकाने गृहीत धरायचे असते.

अर्जासोबत बहुधा जेएलपीटी या जपानी भाषाक्षमता परीक्षेचा निकाल जोडला जातो. तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी. एन-३ ची परीक्षा १८० गुणांची असते. भाषेचे ज्ञान, वाचन आणि श्रवण या तिन्ही विभागांना प्रत्येकी ६० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ९५ गुण आणि प्रत्येक विभागात किमान १९ गुण लागतात. सगळे प्रश्न बहुपर्यायी असतात, उमेदवाराला एक वाक्यही लिहावे किंवा बोलावे लागत नाही. एन-२ उत्तीर्ण झालेला विद्यार्थी प्राध्यापकांशी दोन मिनिटे नीट बोलू शकेल की नाही, हे या गुणपत्रकावरून कळत नाही. शिफारसपत्राचे मुख्य काम इथे सुरू होते.

पत्राच्या सुरुवातीला शिक्षकाने स्वतःचा अधिकार सांगावा. विद्यार्थ्याला कोणता विषय शिकवला, किती सत्रे आणि आठवड्याला किती तास, हे दोन वाक्यांत येते. केवळ व्याकरणाचा तास घेणाऱ्याने संभाषणाबद्दल ठाम मत दिले, तर ते फारसे धरले जात नाही. विभागप्रमुखाची सही वजनदार असते हे खरे, पण त्यांनी त्या विद्यार्थ्याला शिकवलेले नसेल तर पत्र मोघमच उतरते. ज्याने वह्या तपासल्या आणि तोंडी परीक्षा घेतली, त्याचे पत्र पदाने लहान असूनही अधिक उपयोगी पडते.

त्यानंतर बोलणे, लिहिणे, ऐकणे आणि वाचणे यांविषयी वेगवेगळे लिहावे. सर्व कौशल्ये सारख्याच शब्दांत वाखाणली, तर वाचणाऱ्याला शंका येते, कारण कोणत्याही विद्यार्थ्याची चारही अंगे सारखी तयार नसतात. मराठी घरातल्या विद्यार्थ्याला जपानीची वाक्यरचना लवकर जमते. क्रियापद शेवटी येणे आणि नामानंतर प्रत्ययासारखे शब्द लागणे त्याच्या सवयीचे असते. ‘चमचा’तल्या च चा उच्चार येत असल्याने ‘त्सु’ही सहज निघतो. अडते ते स्वरांच्या लांबीपाशी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळले जाते, बोलताना त्यावर अर्थ सहसा अवलंबून नसतो. जपानीत मात्र ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. अशा ठिकाणी विद्यार्थी कुठे चुकत होता आणि आता कितपत सुधारला आहे, हे त्याला शिकवणारा शिक्षकच सांगू शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सिकंदराबादच्या मराठी घरातली, पदवीच्या दुसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी एन-३ उत्तीर्ण आहे. तिला भाषाज्ञानात ३८, वाचनात ४९ आणि श्रवणात ३१, असे एकूण ११८ गुण आहेत. श्रवणाचा आकडा समितीच्या नजरेत भरणार, तेव्हा त्याबद्दल गप्प राहून चालत नाही. तिच्यासाठी ‘हुशार, मेहनती, जपानीवर प्रभुत्व’ असे लिहिता येईल, पण त्यातून काहीच कळत नाही आणि ३१ गुणांपुढे ‘प्रभुत्व’ हा शब्द उघडा पडतो. त्याऐवजी पत्राचा मधला परिच्छेद असा असू शकतो:

“संभाषण आणि निबंधलेखन हे दोन विषय मी तिला दोन सत्रे शिकवले. गेल्या सत्रात तिने आषाढातल्या बोनालु उत्सवावर दहा मिनिटे जपानीतून माहिती सांगितली. टिपणाकडे तिने क्वचितच पाहिले. नंतरच्या प्रश्नांपैकी एक तिला कळला नाही. तिने जपानीतूनच तो पुन्हा विचारण्याची विनंती केली आणि मग नेमके उत्तर दिले. भराभर चाललेले बोलणे तिला अजून पूर्ण कळत नाही, पण संवाद तुटू न देता पुढे कसा न्यायचा हे तिला येते. निबंधात सुरुवातीला ती बोलण्यातली नम्र क्रियापदरूपे आणि लेखनातली औपचारिक रूपे मिसळत असे. सत्राच्या शेवटी लिहिलेल्या ८०० अक्षरांच्या निबंधात हा दोष राहिला नाही.”

या परिच्छेदात प्रत्येक मतामागे पाहिलेली घटना आहे. कमी गुणांचे कारण सांगितले आहे, पण त्यावर पांघरूण घातलेले नाही. मुलाखतीत समितीने तिला भराभर प्रश्न विचारले, तर ती अडखळेल. पण पत्राने तशी कल्पना आधीच दिली असल्याने दोन्ही गोष्टी जुळतील. फुगवलेल्या पत्राचे नुकसान इथेच होते. मुलाखतीतली कामगिरी पत्राशी जुळली नाही, तर पत्रातली खरी वाक्येही संशयास्पद ठरतात आणि त्या शिक्षकाची पुढच्या वर्षीची पत्रेही हलकी होतात.

आणखी दोन चुका नेहमी घडतात. पहिली, एकाच मसुद्यात नाव बदलून अनेकांना पत्र देणे. एकाच विद्यापीठाचे अर्ज एकाच समितीपुढे येतात, त्यामुळे ही गोष्ट लगेच उघड होते. कधी ‘ती’च्या जागी ‘तो’ राहून जातो. दुसरी, विद्यार्थ्याला ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगणे. विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो तेव्हा मोठी विशेषणे वापरतो, पण वर्गातल्या इतरांशी तुलना करू शकत नाही. आणि ‘बावीस जणांच्या वर्गात संभाषणात पहिल्या तिघांत’ अशी तुलनाच समितीला हवी असते. विद्यार्थ्याकडून मसुद्याऐवजी गुणपत्रक, जुने निबंध आणि शिष्यवृत्तीची नियमावली मागून घेणे योग्य.

पत्र साधारण एका पानाचे, संस्थेच्या लेटरहेडवर, तारीख, पद, सही आणि शिक्क्यासह द्यावे. नियमावलीत विहित नमुना असेल तर तोच भरावा, आणि पाकीट बंद करून मागितले असेल तर ते विद्यार्थ्याच्या हाती उघडे देऊ नये. अर्जातले विद्यार्थ्याचे नाव पासपोर्टप्रमाणे असते, पत्रातही तेच स्पेलिंग ठेवावे. पत्र जपानीत लिहायचे की इंग्रजीत, हेही नियमावलीवरून ठरवावे. लिहायला किमान दोन आठवडे मिळतील इतक्या आधी विद्यार्थ्याने विनंती करावी. ज्याच्याबद्दल शिक्षकाला प्रामाणिकपणे चांगले लिहिता येणार नाही, त्याला वेळीच नकार द्यावा, म्हणजे त्याला दुसऱ्या शिक्षकाकडे जायला अवधी मिळतो.