पासबुक

आमच्या जळगावच्या कॉलनीच्या ग्रुपवर सेक्रेटरींची नोटीस आली : "गूगल ड्राइव्हवरच्या आपल्या फोल्डरमधले जुने फोटो व फाइली ३१ मार्चला साफ करण्यात येतील. हवे त्याने ठेवून घ्यावे." बँकेतल्या कारकुनाला धाक घालायला याहून चांगली तारीख कोणती!

त्या ढिगात असोद्याच्या मळ्यातल्या भरीत पार्टीचा एक फोटो होता. माझे वडील उभ्या जन्मात कॅमेऱ्यासमोर एकदाच हसले, ते तिथे, कळण्याची भाकरी हातात धरून. मी तत्परतेने त्या फोल्डरचा शॉर्टकट माझ्या ड्राइव्हमध्ये जोडला आणि निवांत झालो.

धुळ्याच्या मेहुण्याला फोनवर हे ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो का?"

दिसत होता.

"मग तुमच्याकडे नुसतं पासबुक आहे. पैसे सेक्रेटरींच्या खात्यात!"

अन् ते खरंच होतं. फाइल राहते मालकाच्या खात्यात, जागाही खाते त्याच्याच फुकटच्या १५ जीबीतली. सेक्रेटरींची जागा भरली, म्हणून तर ही साफसफाई! त्यांनी काढलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत राहणार, मग कायमची जाणार. माझा बाण मात्र तसाच, हवेत रोखलेला.

फोटो डाउनलोड केला. मेहुण्याच्या सांगण्यावरून नेट बंद करून उघडून पाहिला. वडील हसले.

३१ मार्चच्या आत माझा ताळा जुळल्याची ही पहिलीच वेळ.